माहेरच्या बारशाची पत्रिका : मजकूर, नावे आणि मांडणी

प्रश्न : आमच्या मुलीला १५ जानेवारी २०२६ ला पहाटे साडेतीनला मुलगी झाली. बारसे आमच्याकडे, म्हणजे सांगलीला माहेरी करायचे आहे. जावयांचे घर पुण्याला. त्यांचे वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई आहेत. पत्रिकेचा मजकूर जुन्या वळणाचा पण साधा हवा. कुणाची नावे कुठे आणि कशी घालावीत? बाळाचे नाव छापावे का? पन्नासेक प्रती छापायच्या आहेत, बाकी व्हॉट्सॲपवर पाठवू.

उत्तर : मजकुराला हात घालण्याआधी तारीख पक्की करा, कारण तुमच्या बाबतीत तीच अडखळणार आहे. बाराव्या दिवसाची मोजणी जन्माचा दिवस पहिला धरून होते. बरेच जण जन्मतारखेत बारा मिळवतात आणि तेरावा दिवस छापून बसतात. मिळवायचे ते अकरा. पण अकरा कशात मिळवायचे, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. घड्याळाप्रमाणे जन्म १५ तारखेचा आहे, म्हणून बारावा दिवस २६ जानेवारी, सोमवार. पंचांगाचा दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून पहाटे साडेतीनचा जन्म १४ तारखेच्या, संक्रांतीच्या दिवसात मोजला, तर बारावा दिवस २५ जानेवारी, रविवार येतो. रात्रीच्या जन्माबद्दल घराघरांत वेगवेगळी रीत आहे. कुणी सूर्योदय धरतात, कुणी मध्यरात्र, तर कुणी रात्रीचे तीन भाग करून शेवटचा भाग पुढच्या दिवसात टाकतात. सोयर हे बाळाच्या वडिलांच्या घराण्याचे असते, म्हणून यात पुण्याच्या घरची रीत विचारा, तुमच्या घरची नव्हे. विहीणबाईंना एक फोन करा, त्यांच्या गुरुजींचे मत घ्या आणि मगच पत्रिका लिहायला बसा. काही घरांत मुलीचे बाराव्या आणि मुलाचे तेराव्या दिवशी करतात, तेही याच फोनवर कळेल.

पुढे मी २५ तारीख ठरली असे धरून चालतो. त्या दिवशी माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी आहे आणि शके १९४७ चालू आहे. २६ ठरली तर तिथी माघ शुद्ध अष्टमी होईल, वार सोमवार. बाकी मजकूर तोच राहील.

तिथी मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपमधून उचलू नका, मराठी पंचांगातूनच घ्या. उत्तरेकडच्या पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच येते म्हणून चूक लक्षात येत नाही, पण वद्य पक्षात नावच बदलते. संक्रांतीच्याच दिवसाचे बघा : १४ जानेवारीला मराठी पंचांगात पौष वद्य एकादशी आहे, तर तिकडच्या पद्धतीचे ॲप माघ कृष्ण एकादशी दाखवेल. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेचाही एक शक आहे आणि तिच्यात २५ जानेवारीला ५ माघ १९४७ येतो. तो आकडा पत्रिकेत पडला तर वाचणाऱ्याला माघ शुद्ध पंचमी वाटेल. शकाचे वर्ष पाडव्याला बदलते. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणून जानेवारीत १९४७ च लिहायचे.

बोलावणारे कोण, यावर बाकी सगळे ठरते

पत्रिका हे कुणीतरी कुणालातरी बोलल्यासारखे असते. पहिल्या ओळीतला ‘आमचे’ म्हणजे कोण, हे ठरले की नाती, उपपदे आणि खालची सही आपोआप ठरतात. बिघडलेल्या पत्रिका पाहिल्या तर बहुतेकींत हेच हललेले दिसते. सुरुवात आजोबांच्या तोंडी, मध्येच ‘आमच्या बाळाचे’ असे आईवडिलांच्या तोंडी आणि शेवटी ‘आपले नम्र’ खाली दोन्ही घरची सात-आठ नावे. बोलणारा एकच ठेवा.

तुमच्याकडे बारसे माहेरी आहे, खर्च आणि व्यवस्था तुमची आहे, म्हणून निमंत्रक तुम्ही दोघे, आईचे आईवडील. बाळ मात्र दुसऱ्या घराण्याचे आहे. मजकुरात या दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत आणि जुन्या वळणाच्या वाक्यात त्या फार नीट बसतात. हा पुरा मजकूर. नावे मी नमुन्यादाखल घातली आहेत, तुमची घालून घ्या.

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री कुलदेवता प्रसन्न ॥

स.न.वि.वि.

आमचे येथे श्रीकृपेकरून
आमचे जावई
चि. अनिकेत
(श्रीमती शैलजा व कै. रघुनाथ कुलकर्णी, पुणे यांचे चिरंजीव)
व आमची कन्या
चि. सौ. मधुरा
यांच्या कन्येचे

बारसे

मिती माघ शुद्ध ७ (रथसप्तमी), शके १९४७,
रविवार, दि. २५ जानेवारी २०२६ रोजी
करण्याचे योजिले आहे.
तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन
बाळास शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.

भोजन : दुपारी १२ ते २
पाळणा : दुपारी ३ वाजता
स्थळ : (इमारत, रस्ता, जवळची खूण), सांगली

आपले नम्र
सुधाकर पाटणकर
सौ. वासंती पाटणकर
(भ्रमणध्वनी, दोन क्रमांक)

आता यातली एकेक जागा अशी का आहे, ते सांगतो.

माथ्यावर गणपती ठेवला आहे आणि कुलदेवतेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. निमंत्रण तुमचे, म्हणून तुमची कुलदेवता लिहावी असे वाटते. पण बाळाचे कुळ तिच्या वडिलांचे, त्यांची कुलदेवता वेगळी असेल. दोन्ही लिहिल्या तर माथाच तीन ओळींचा होतो. ‘श्री कुलदेवता प्रसन्न’ एवढ्यात दोन्ही घरे येतात आणि कुणाचे राहिले असे होत नाही.

‘स.न.वि.वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. वडीलधाऱ्यांना लिहिताना ‘सा.न.वि.वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार, असे लिहितात. पण छापील पत्रिका थोरांना आणि धाकट्यांना एकच जाते, म्हणून ‘स.न.वि.वि.’ बरोबर आहे. प्रत्येक अक्षरानंतर टिंब हवे. ‘सनविवि’ असे सलग छापलेले दिसते, ते वाचताना शब्दच कळत नाही.

जावयांच्या नावामागे ‘चि.’ की ‘श्री.’? बोलणारे सासू-सासरे आहेत, म्हणून ‘चि.’ शोभते. तुमच्या घरात जावयांना अहोजाहो करत असाल आणि ‘श्री.’ मनाला बरे वाटत असेल तर तेही चालेल. मात्र मग मुलीला ‘सौ.’ एवढेच ठेवा. नवऱ्यामागे ‘श्री.’ आणि बायकोमागे ‘चि. सौ.’ अशी जोडी विजोड दिसते. ‘चि. सौ. कां.’ अजिबात नको, ते लग्नपत्रिकेतल्या वधूचे उपपद आहे. लग्नपत्रिकेचा जुना मजकूर कॉपी करून घेतला की ते हमखास राहून जाते.

आपल्याच नावामागे ‘श्री.’ लावू नये. सही करणारा स्वतःला श्रीयुत म्हणत नाही. म्हणून खाली ‘सुधाकर पाटणकर’ एवढेच आहे. ‘सौ.’ चालते, कारण ते पतीने पत्नीसाठी लिहिलेले असते.

कै. रघुनाथरावांचे नाव कंसात, चिरंजीव कुणाचे हे सांगताना आले आहे. गेलेल्या माणसाचे नाव मंगलपत्रिकेत घालू नये असे काही जण म्हणतात, पण ओळख सांगताना ते घालण्याची रीत सर्रास आहे आणि ती योग्यही आहे. सांगलीकरांना ‘कुठले कुलकर्णी’ हे त्यावरूनच कळणार. फक्त दोन ठिकाणी ते येता कामा नये : निमंत्रकांच्या सहीत आणि ‘कार्यवाह’ वगैरे नावांच्या रांगेत. विहीणबाईंच्या नावामागे ‘श्रीमती’ हवे. सरकारी कागदावर कुठल्याही स्त्रीला श्रीमती लिहितात, पण घरगुती पत्रिकेत लोक अजून ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ यांतला फरक वाचतात. घाईत तिथे ‘सौ.’ पडले तर ज्यांना ते लागायचे त्यांना फार लागते. त्यांचे नाव आधी आणि पतीचे नंतर, हा क्रमही जाणूनबुजून ठेवला आहे. त्या हयात आहेत, कार्याला येणार आहेत. नाव छापण्याआधी ही ओळ त्यांना वाचून दाखवा. काहींना श्रीमती हे उपपदच नको असते. मग त्यांचे नाव उपपदाशिवाय, ‘शैलजा व कै. रघुनाथ’ असे द्या.

‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि ‘योजिले आहे’ हे जुने प्रयोग आहेत. व्याकरणाच्या पुस्तकाने आज ‘आमच्या येथे’ म्हणावे, पण पत्रिकेत ‘आमचे येथे’ रुळलेले आहे, ठेवा. अट एकच : हे वळण घेतले तर शेवटपर्यंत सांभाळायचे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू करून ‘तर मग नक्की या हं!’ने संपवले की दोन्ही फिके पडते. साधे बोलीतले हवे असेल तर तेही एकसंध लिहिता येते, त्याचा नमुना पुढे व्हॉट्सॲपसाठी दिला आहे.

‘कन्यारत्न’, ‘पुत्ररत्न’ हे शब्द पेढे वाटतानाच्या बातमीचे आहेत. ‘कन्यारत्नाचे बारसे’ असे लिहिले की वाक्य जड होते. ‘कन्येचे बारसे’ पुरेसे आहे. मुलगा असता तर ‘पुत्राचे बारसे’. नाते आजोबांकडून सांगायचे असेल तर ‘आमच्या नातीचे’, ‘आमच्या नातवाचे’.

हीच पत्रिका विहीणबाईंना पुण्याच्या नातलगांना पाठवायची असेल तर तुमच्या सहीखाली त्यांची सही जोडू नका. त्यांच्या नावाने वेगळी करून द्या. बदल थोडाच आहे : ‘आमचे जावई’च्या जागी ‘आमचे चिरंजीव’, ‘आमची कन्या’च्या जागी ‘आमच्या सूनबाई’, कंसात मधुराच्या आईवडिलांची नावे आणि ‘सांगली यांची कन्या’, ‘आमचे येथे’च्या जागी ‘सांगली येथे’, सही श्रीमती शैलजाबाईंची, अर्थात उपपदाशिवाय. तारीख आणि स्थळ तेच. किती लोक पुण्याहून येणार हे मात्र आधी बोलून घ्या. आणि ही छापील प्रत विहीणबाईंना स्वतःला पुरत नाही. ज्यांचे बाळ आहे त्यांना घरी जाऊन, हळदकुंकू लावून, अक्षत देऊन बोलावतात. पुणे लांब पडत असेल तर निदान दोघांनी मिळून फोन करा, पत्रिकेचा फोटो पाठवून मोकळे होऊ नका.

बाळाचे नाव

छापू नका. बारशाच्या आधी बाळाला नावच नाही. आत्या पाळण्यापाशी बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून सांगते तेव्हा ते पडते. ‘चि. अमुक हिच्या बारशास यावे’ असे छापणे म्हणजे अजून न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगणे. शिवाय पत्रिका व्हॉट्सॲपवर आली की तासाभरात नाव सगळ्या गावाला होते आणि पाळण्यापाशी जमलेल्या बायकांना ऐकायला काही उरत नाही. वाक्यात जागा रिकामी वाटली तर ‘नवजात कन्येचे’ लिहा. उत्सुकता वाढवायची असेल तर तळाशी एक ओळ चालेल : ‘बाळाचे नाव आत्याकडून पाळण्यापाशीच कळेल.’

नावाची छपाई निराळी करा. पत्रिकेसारख्याच कागदावर नाव, बाराव्या दिवसाची तारीख आणि ‘शुभाशीर्वाद असावेत’ एवढे छापून घुगऱ्यांच्या पुड्यांबरोबर द्या. ते काम गुप्त राहायला हवे असेल तर छापखान्यात पत्रिकेबरोबर देऊ नका, एक-दोन दिवस मागाहून द्या. नामकरण विधीत देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातले नाव अशी चार नावे ठेवतात. यातले शेवटचेच या कार्डावर घ्यायचे. जन्मवेळ, नक्षत्र, नावरस अक्षर हे कुठेच छापू नका. पत्रिका कुणाकुणाच्या फोनवर जाईल ते आपल्या हातात नसते.

वेळ आणि कार्यक्रम

बारशाच्या पत्रिकेत लग्नासारखी ‘११ वाजून २३ मिनिटे’ अशी वेळ लागत नाही. बाराव्या दिवशी नामकरणाला बहुतेक घरांत वेगळा मुहूर्त पाहत नाहीत. पाहुण्यांना दोनच गोष्टी कळायला हव्यात : जेवायला कधी यायचे आणि पाळणा कधी आहे. एकच वेळ लिहिली तर काही जण जेवून निघून जातात आणि पाळण्याला चार बायका उरतात. गुरुजींचा विधी सकाळी असेल आणि तो घरापुरताच असेल तर त्याची वेळ पत्रिकेत घालू नका, नाहीतर लोक साडेदहालाच येऊन बसतील आणि स्वयंपाक बाराला तयार होईल.

तुमच्या दिवशी आणखी एक अडचण आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंतच चालते, म्हणजे २५ तारीख त्यातला शेवटचा दिवस आणि रविवार. संध्याकाळी पाच-सहानंतर बायकांना दोन-तीन घरची बोलावणी असणार. पाळणा एरवी साडेचार-पाचला ठेवतात. इथे तीनला घेतला तर ओटी, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’, पाळणे म्हणणे हे सगळे निवांत होऊन साडेचारला त्या मोकळ्या होतील. तुमच्याच घरचे हळदीकुंकू राहिले असेल तर ते त्याच वेळी जोडता येईल. मग ‘पाळणा व हळदीकुंकू : दुपारी ३’ एवढी एकच ओळ बदलायची.

आहेराबद्दलची ओळ घालावी का, हा निर्णय एकट्याने घेऊ नका. ‘कृपया आहेर आणू नये’ हे लग्नात ठीक असते. बारशाला येणाऱ्या मावश्या, काकवा बाळंतविडा आणतात. त्यात बाळाला कुंची, झबले, टोपडे असते, आईला साडी असते. तो बाळाचा आणि बाळंतिणीचा असतो, यजमानांचा नव्हे. तुम्ही नको म्हणालात तर ते विहीणबाईंच्या माहेरच्यांनाही लागू होते. त्यांचे मत विचारा. मला विचाराल तर ही ओळ गाळलेलीच बरी.

मांडणी

पाच बाय सात इंचांची उभी, एकपानी पत्रिका घ्या. ए-फोर कागदावर अशा दोन बसतात, म्हणजे ५० प्रतींना २५ ताव लागतात. दोन-तीन ताव जास्तच छापून घ्या, कापताना काही खराब होतात. कागद २५० ते ३०० जीएसएम, मॅट. चकचकीत लॅमिनेशन करू नका : पत्रिका देताना कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे असते आणि गुळगुळीत थरावर ते धरत नाही, पसरते. चारही बाजूंनी अर्धा इंच मोकळा सोडा. पार्श्वभूमीला रंग असेल तर तो कापण्याच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्या, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते.

ओळी मधोमध लावा आणि वरच्या नमुन्यातली मोकळी ओळ जिथे आहे तिथे खरोखर मोकळी जागा सोडा. सबंध पानात फक्त ‘बारसे’ हा शब्द सर्वांत मोठा, २४ पॉइंट. जावई-मुलीची नावे १८, बाकी मजकूर १२ ते १३, कंसातली ओळ आणि पत्ता ११. तारीख मजकुराच्याच आकारात पण ठळक. याहून जास्त आकार वापरले तर नजर कुठे थांबावी ते कळत नाही. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीसाठीचे ठरावीक अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसते.

अक्षरांमधले अंतर वाढवायची सोय ॲपमध्ये असते, ती देवनागरीला कधीही लावू नका. शिरोरेषा तुटते आणि ‘बारसे’ हा शब्द ‘बा र से’ असा सुटा दिसू लागतो. शीर्षक भरगच्च दिसायला हवे असेल तर आकार वाढवा.

फाँट निवडताना मराठी ‘ल’ आणि ‘श’ बघा. बऱ्याच फाँटांत ते हिंदी वळणाचे येतात. Tiro Devanagari Marathi हा मोफत फाँट मराठी वळणासाठीच केलेला आहे आणि पत्रिकेच्या जुन्या बाजाला तो शोभतो. साधा, जाडसर हवा असेल तर Mukta चालेल. एकाच पत्रिकेत दोनपेक्षा जास्त फाँट नकोत. ज्या फाँटात ठळक अक्षर मुळातच नाही त्याला ॲप कृत्रिम जाडी देते आणि जोडाक्षरे भरून जातात. अशा वेळी तारखेला ठळक करण्याऐवजी रंग द्या. रंग दोनच पुरेत : मजकुराला गडद कुंकवाचा लाल, पार्श्वभूमीला फिकट हळदी किंवा पांढरट. पिवळ्यावर सोनेरी अक्षर स्क्रीनवर छान दिसते, पण छापल्यावर वाचता येत नाही. चित्र हवे असेल तर माथ्यावर छोटा गणपती किंवा तळाशी पाळणा, दोन्हींपैकी एक. नवजात बाळाचा फोटो घालू नका.

छापखान्याला मजकूर पाठवताना घात होतो तो इथे : अजूनही काही छापखाने जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत काम करतात. तुमचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर तिकडे रूपांतरित होतो आणि त्यात जोडाक्षरे मोडतात. विशेषतः ‘ऱ्य’ मोडते. ‘घुगऱ्या’चे ‘घुगर्या’ होते. म्हणून पानच पीडीएफ करून द्या आणि अक्षरांचे कर्व्हज, म्हणजे फाँटावर अवलंबून नसलेले आकार, करून घ्या. छापण्याआधीचा कच्चा ताव कागदावर मागा, फोनवरचा फोटो नव्हे. तो मोठ्याने वाचणारा माणूस पत्रिका न लिहिलेला असावा. तपासताना या जागा हमखास चुकतात :

- ‘आशीर्वाद’ची शी दीर्घ. ‘आशिर्वाद’ ही सर्वांत जास्त छापली जाणारी चूक आहे.
- ‘विधी’, ‘मिती’, ‘तिथी’, ‘उपस्थिती’ : शेवटची वेलांटी दीर्घ.
- ‘बारसे’चे रूप ‘बारशास’, ‘बारशाला’. ‘बारस्याला’ चूक, आणि ‘बारस’ म्हणजे द्वादशी.
- ‘सहकुटुंब’मधला ‘टुं’ ऱ्हस्व, ‘कुटुंबीय’मधला ‘बी’ दीर्घ.
- वार आणि तारीख जुळतात का, हे कॅलेंडर उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

व्हॉट्सॲपची प्रत

छापील पत्रिकेचा फोटो काढून पाठवू नका. त्याच रचनेची चित्रप्रत वेगळी काढा, १०८० बाय १३५० पिक्सेल. फोनवर ती झूम न करता वाचता आली पाहिजे. त्यासाठी कंसातली ओळ आणि पत्ता छापील प्रतीपेक्षा थोडे मोठे करा. चित्रातला पत्ता कॉपी होत नाही आणि नकाशावर उघडत नाही, म्हणून चित्राखाली मजकूर वेगळा टाका. इथे बोलीतले वळण चालते, फक्त तेही शेवटपर्यंत एकच ठेवा :

नमस्कार. मधुरा-अनिकेतच्या लेकीचं बारसं रविवारी, २५ जानेवारीला (रथसप्तमी) आमच्याकडे सांगलीला आहे. दुपारी १२ वाजता जेवायला आणि ३ वाजता पाळण्याला सगळ्यांनी यावं. पत्ता आणि नकाशा खाली देत आहोत. किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे पानं नीट मांडता येतील.
— सुधाकर, वासंती

किती जण येणार ही विचारणा छापील पत्रिकेत नको, तिथे ती हिशेबी वाटते. फोनवरच्या मजकुरात ती सहज खपते आणि तुम्हाला आकडा मिळतो.

वेळेचे गणित असे ठेवा. बाळ-बाळंतीण घरी यायला तीन-चार दिवस जातात. १८ तारखेपर्यंत दिवस आणि नावे नक्की करा, १९ ला कच्चा ताव, २० ला छपाई. पहिली प्रत देवापुढे ठेवा. २१ पासून गावातल्यांना हातोहात द्या आणि बाहेरगावच्यांना त्याच दिवशी फोनवर पाठवा. पत्रिका बाहेरगावी टपालाने पाठवून ती वेळेत पोचेल या भरवशावर राहू नका, बारा दिवसांच्या कार्यात तेवढी सवड नसते. बारसे पुढे ढकलून सव्वा महिन्याने करायचे ठरले तर हाच मजकूर चालतो, पण मिती नव्याने पाहून घ्या. गुरुजींकडून दिवस काढून घ्यावा लागतो आणि ते अंतर शके बदलण्याच्या जवळ जाते का, हेही तेव्हाच बघा.